कोरा सेल म्हणजे शून्य नव्हे

गेल्या वर्षी दहावीच्या एका वर्गशिक्षिकेने मला आपली एक्सेलची शीट दाखवली. घटक चाचणीत ज्यांना सरासरीपेक्षा जास्त गुण मिळाले त्यांचे सेल हिरवे व्हावेत, एवढाच नियम त्यांनी लावला होता. तो बराचसा चाललाही होता. रकान्यात मध्येच मात्र 'गैरहजर' असं लिहिलेला एक सेल ठसठशीत हिरवा झाला होता. बाई म्हणाल्या, "सर, हा मुलगा तापाने घरी होता, पेपरला बसलाच नाही. मग हा सरासरीच्या वर कसा?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर शोधायला बसलं की एक्सेल आकडा, अक्षरं आणि रिकामी जागा यांच्याकडे कसं पाहतं हे उलगडत जातं. तेवढं कळलं की हा नियम कुठल्याही निकालपत्रकावर बिनचूक लावता येतो.

त्या शीटसारखंच एक छोटं उदाहरण घेऊ. बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा आणि विद्यार्थी नऊ. गुण B या रकान्यात दुसऱ्या ओळीपासून दहाव्या ओळीपर्यंत आहेत. वरून खाली वाचत गेलं तर ते असे: ३१, २२, कोरा, ३६, १८, २७, गैरहजर, २५, ३७. म्हणजे B4 कोरा आहे, त्या मुलाचा पेपर अजून तपासून यायचा आहे. B8 मध्ये 'गैरहजर' लिहिलं आहे. उरलेल्या सात जणांच्या गुणांची बेरीज १९६, भागिले ७, सरासरी २८. सरासरीच्या वर तिघे आहेत: ३१, ३६ आणि ३७. नियमाने हे तीन सेल रंगवावेत, आणखी एकही रंगवू नये.

आता त्या दोन मुलांना शून्य गुण धरले तर काय होतं ते पाहा. बेरीज तीच राहते, पण भागायचं ९ ने. सरासरी २१.७८ पर्यंत घसरते. मग २२, २५ आणि २७ गुणांचे सेलही हिरवे होतात आणि परीक्षा दिलेल्या सातांपैकी सहा जण सरासरीच्या वर दिसू लागतात. एकाही मुलाचा एक गुण बदललेला नाही, तरी चित्र पार बदललं. २२ गुणांच्या मुलाला खरं तर थोडी मदत हवी आहे, पण त्याचा सेल हिरवा असल्यामुळे बाईंची नजर त्याच्यावरून पुढे सरकेल. म्हणूनच कोऱ्या जागेचा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. पेपर देऊन शून्य मिळालेला मुलगा आणि पेपरला न बसलेला मुलगा हे दोघे वेगळे आहेत, आणि शीटमध्येही ते वेगळेच दिसले पाहिजेत.

सुदैवाने सरासरी काढणारं `AVERAGE` हे फंक्शन याबाबत शहाणं आहे. त्याला सेलची रांग दिली की ते फक्त आकडे घेतं, कोरे सेल सोडतं आणि अक्षरं असलेले सेलही सोडतं. शून्य हा आकडा असल्यामुळे शून्य मात्र धरतं. म्हणून गैरहजर मुलापुढे ० लिहिण्याची सवय असेल तर ती आधी मोडायला हवी. सेल कोरा ठेवा किंवा 'गैरहजर' लिहा. आपल्या उदाहरणात `AVERAGE` नेमकं २८ देतं.

मग घोळ कुठे झाला? तो तुलनेत झाला. बाईंनी नियमात हे लिहिलं होतं:

```
=B2>AVERAGE(B$2:B$10)
```

सरासरी बरोबर आली, पण प्रत्येक सेलची तिच्याशी तुलना करताना एक्सेल वेगळ्याच रीतीने वागतं. आकडा आणि अक्षरं यांची तुलना आली की अक्षरं नेहमीच मोठी ठरतात, मग आकडा कितीही मोठा असो. 'गैरहजर' हा मजकूर २८ पेक्षा मोठा आणि २८ लाखांपेक्षाही मोठा. म्हणून B8 हिरवा झाला. B4 खरोखर कोरा होता. तुलनेच्या वेळी कोऱ्या सेलला एक्सेल शून्य मानतं, आणि शून्य २८ पेक्षा लहान असल्यामुळे तो रंगला नाही. तो निव्वळ योगायोगाने वाचला. नियम उलटा करून सरासरीच्या खालचे गुण लाल करायला सांगितलं असतं, तर 'गैरहजर' वाचला असता आणि कोरा B4 लाल झाला असता.

दोन्ही चुकांवर उपाय एकच आहे. तुलना करायच्या आधी सेलमध्ये आकडा आहे का, हे विचारायचं. त्यासाठी `ISNUMBER` हे फंक्शन आहे, आणि `AND` दोन्ही अटी एकत्र बांधतं:

```
=AND(ISNUMBER(B2),B2>AVERAGE(B$2:B$10))
```

सेलमध्ये आकडा आहे आणि तो रकान्याच्या सरासरीपेक्षा मोठा आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच रंग लागतो. कोरा सेल पहिल्याच अटीवर बाद होतो, 'गैरहजर'ही बाद होतो. खालच्या गुणांसाठी `>` च्या जागी `<` लिहिलं की झालं.

काही जण `ISNUMBER(B2)` ऐवजी `B2<>""` लिहितात, म्हणजे सेल कोरा नसावा अशी अट घालतात. तिने कोरे सेल गाळले जातात, पण 'गैरहजर' किंवा `AB` हे कोरे नसल्यामुळे ते पुन्हा हिरवे होतात. आपल्याला आकडा हवा आहे, तर आकडाच मागावा.

आता नियम लावायची कृती. B2 वर क्लिक करून B10 पर्यंत खाली ओढत निवड करा. वरूनच सुरुवात करायची, याचं कारण पुढे येईल. `Home` टॅबमध्ये `Conditional Formatting`, त्यात `New Rule`, आणि उघडलेल्या यादीत शेवटचा पर्याय `Use a formula to determine which cells to format`. खालच्या पट्टीत वरचं सूत्र लिहा, `Format` दाबून `Fill` मध्ये फिकट हिरवा रंग निवडा आणि `OK` करा. त्या पट्टीत लिहिताना चुकलेलं अक्षर गाठायला बाणाची कळ दाबली तर कर्सर सरकत नाही, सूत्रात भलत्याच सेलचा पत्ता घुसतो. आधी `F2` दाबा, मग बाण नेहमीसारखे चालतात. गूगल शीट्समध्ये हाच नियम `Format` मेनूतल्या `Conditional formatting` मध्ये `Custom formula is` निवडून लिहायचा. सूत्र तेच राहतं.

इथे कोणीही विचारेल की एक्सेलमध्ये `Top/Bottom Rules` खाली `Above Average` असा तयार नियम असताना ही खटपट कशाला? एकाच विषयाचा रकाना असेल तर तो तयार नियम खुशाल वापरा. २००७ च्या आवृत्तीपासून तो आहे, आणि कोरे सेल व मजकूर तो आपणहून सोडतो. अडचण येते ती निकालपत्रकात एकाशेजारी एक पाच-सहा विषय असतात तेव्हा. सगळे रकाने एकदम निवडून हा नियम लावला तर तो निवडलेल्या सगळ्या सेलची मिळून एकच सरासरी काढतो. बीजगणिताच्या शेजारच्या C रकान्यात ८० गुणांचा मराठीचा पेपर आहे, तिथेही सातच जणांचे गुण भरलेले आहेत आणि त्यांची सरासरी ५६ आहे असं धरू. दोन्ही रकान्यांची मिळून सरासरी ४२ येते. बीजगणिताचा अख्खा पेपरच ४० गुणांचा! तिथे पैकीच्या पैकी मिळवणाराही हिरवा होणार नाही. तयार नियम वापरायचा तर प्रत्येक रकाना वेगळा निवडून पुन्हा पुन्हा लावावा लागतो. सूत्राचा नियम सगळ्या रकान्यांवर एकदाच लावता येतो आणि प्रत्येक विषयाची तुलना त्याच्या स्वतःच्या सरासरीशीच होते.

हे ज्याच्यामुळे जमतं ते सूत्रातलं `$` हे चिन्ह. नियमातलं सूत्र आपण एकदाच लिहितो, पण एक्सेल ते प्रत्येक सेलसाठी सरकवून वाचतं. B3 साठी `B2` चं `B3` होतं, C2 साठी `C2` होतं. प्रत्येक सेलने स्वतःकडे पाहावं म्हणून ते सरकायलाच हवं. सरासरीची रांग मात्र खाली सरकता कामा नये, आणि उजवीकडे शेजारच्या विषयात मात्र सरकली पाहिजे. `B$2:B$10` मध्ये `$` फक्त ओळीच्या आकड्याआधी आहे. त्यामुळे ओळी २ ते १० पक्क्या राहतात आणि रकान्याचं अक्षर मोकळं राहतं. C रकान्यात तेच सूत्र आपोआप `C$2:C$10` असं वाचलं जातं.

हे चिन्ह विसरलं तर काय होतं ते आपल्या नऊ जणांवर करून पाहू, कारण ही चूक सगळ्यांत जास्त होते आणि सगळ्यांत उशिरा लक्षात येते. `AVERAGE(B2:B10)` असं `$` शिवाय लिहिलं, तर B2 साठी रांग बरोबर राहते. ३१ हा २८ पेक्षा मोठा, हिरवा झाला. B5 पर्यंत येता येता रांग B5 पासून B13 पर्यंत गेलेली असते. वरचे गुण तिच्यातून निसटले, खाली कोरे सेल आले. उरलेल्या पाच गुणांची सरासरी २८.६, ३६ तिच्यापेक्षा मोठा, तोही हिरवा. शेवटचा सेल B10. त्याच्या रांगेत तो स्वतः आणि खालचे कोरे सेल एवढेच उरले. सरासरी ३७, गुणही ३७. ३७ हा ३७ पेक्षा मोठा नाही, म्हणून रंग नाही. वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळवणारी मुलगी हजेरीत शेवटी आहे एवढ्याच कारणाने तिचा सेल पांढरा राहिला. तरी शीट वरवर ठीकच दिसते, दोन सेल हिरवे, बाकीचे पांढरे. म्हणून नियम लावून झाला की रकान्यातला सर्वांत मोठा आकडा शोधा आणि तो रंगला आहे का ते पाहा. तो पांढरा असेल तर बहुतेक वेळा `$` राहून गेलेला असतो.

याच्या उलट चूकही होते. सूत्र लिहिताना हाताने टाइप करण्याऐवजी सेलवर क्लिक केलं की एक्सेल स्वतःच `$B$2` असं दोन्ही बाजूंनी बांधलेलं नाव घालतं. मग प्रत्येक सेल B2 कडेच पाहतो. B2 मधले ३१ सरासरीच्या वर आहेत, म्हणून नऊच्या नऊ सेल हिरवे, त्यांत कोरा सेलही आला. अख्खा रकाना रंगला किंवा अख्खा पांढरा राहिला तर आधी हे `$` तपासा.

वरून सुरुवात करायला का सांगितलं तेही आता कळेल. एक्सेल नियमातलं सूत्र निवडीतल्या चालू सेलसाठी लिहिलं आहे असं मानतं, आणि जिथून निवड सुरू केली तो सेल चालू असतो. खालून वर ओढलं तर B10 चालू सेल होतो. मग त्याच्या वाट्याला B2 चे गुण येतात आणि बाकीच्या सेलचेही पत्ते तेवढेच घसरतात. लिहिण्याआधी शीटच्या वर डावीकडच्या छोट्या चौकटीत `B2` दिसतं का ते पाहावं.

आता त्या कोऱ्या सेलकडे परत येतो, कारण सगळ्यांत फसवा प्रकार तिथेच आहे. डोळ्यांना कोरा दिसणारा सेल खरंच कोरा असतो असं नाही. बऱ्याच शाळांत विषयशिक्षक आपापल्या शीटवर गुण भरतात आणि वर्गशिक्षकाची शीट तिथून ते ओढून घेते. विषयशिक्षकांची शीट `Sheet1` असेल तर साधा दुवा असा लिहिला जातो:

```
=Sheet1!B4
```

तिकडचा सेल कोरा असेल तर इकडे ० येतो, आणि `AVERAGE` तो शून्य म्हणून धरतं. आपल्या उदाहरणात बेरीज १९६ च राहते, पण भागाकार ८ ने होतो आणि सरासरी २४.५ होते. २५ आणि २७ हेही हिरवे होतात. हा शून्य दिसू नये म्हणून मग दुसरं सूत्र लिहिलं जातं:

```
=IF(Sheet1!B4="","",Sheet1!B4)
```

याने सरासरी पुन्हा बरोबर येते. पण सेलमध्ये आता रिकामा मजकूर आहे, आणि लांबी शून्य असली तरी तो मजकूरच. बाईंच्या पहिल्या नियमाने तोही सरासरीपेक्षा मोठा ठरतो आणि काहीही न लिहिलेला सेल हिरवा होतो. `ISBLANK` वापरूनही तो गाळता येत नाही, कारण सेलमध्ये सूत्र असल्यामुळे एक्सेलच्या हिशेबी तो कोरा नाही. चुकून स्पेसबार दाबला गेलेला सेलही असाच फसवतो. `ISNUMBER` ची अट मात्र या सगळ्यांना बाहेर ठेवते. दुवा ओढून घेताना हे दुसरं सूत्र आणि रंगाच्या नियमात `ISNUMBER`, ही जोडी मी सगळ्यांना सुचवतो.

`ISNUMBER` आपलं काम चोख करतं, पण त्यामुळेच एक नवी चूक झाकली जाऊ शकते. बाहेरून चिकटवलेले गुण कधी कधी मजकुराच्या रूपात येतात. ३४ दिसतात, पण एक्सेलच्या लेखी ती अक्षरं असतात. ते सेलच्या डाव्या कडेला चिकटतात आणि बहुधा कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दिसतो. असा मुलगा सरासरीतही धरला जात नाही आणि रंगतही नाही. म्हणून बाजूला कुठेतरी हे लिहून ठेवावं:

```
=COUNT(B2:B10)
```

`COUNT` फक्त आकडे मोजतं. आपल्या शीटवर ७ यायला हवेत. परीक्षेच्या दिवशीच्या हजेरीतून तपासायचे राहिलेले पेपर वजा केले की जी संख्या येते ती हीच असली पाहिजे. कमी आली तर एखादा आकडा मजकूर झाला आहे. जास्त आली तर कुठेतरी फुकटचा शून्य शिरला आहे. त्रिकोण असलेले सेल निवडून शेजारच्या पिवळ्या खुणेतून `Convert to Number` केलं की ते गुण पुन्हा हिशेबात येतात.

आणखी एक प्रकार मी पाहिला आहे. दहापैकी सात मिळाले म्हणून कोणी `7/10` असं लिहिलं. एक्सेलने त्याची तारीख केली. तारीख ही एक्सेलच्या पोटात दिवसांची संख्या असते, आजच्या काळातली कुठलीही तारीख ४५ हजारांच्या पुढे जाते. तो आकडाच असल्यामुळे `ISNUMBER` त्याला अडवत नाही. सरासरी हजारोंत जाते आणि अख्ख्या रकान्यात तो एकच सेल हिरवा राहतो. असं दिसलं की तारीख शोधा. गुण भरताना फक्त मिळालेले गुण लिहावेत, 'पैकी' किती ते वर शीर्षकात लिहावं.

रकान्यात `#N/A` सारखी एखादी चूक आली तर `AVERAGE` लाही तीच चूक येते आणि रकान्यातले सगळे रंग एकदम उडतात. तिथे नियम बदलायचा नाही, ती चूक जिथून आली तिथे दुरुस्त करायची.

`AVERAGE` कोरे सेल सोडतं, याचा एक फायदाही आहे. वर्गात मुलं वाढतील असं वाटत असेल तर नियम आधीच B2 पासून B60 पर्यंत लावून सूत्रात `B$2:B$60` लिहून ठेवता येतं. जागा कोरी असेपर्यंत सरासरीला धक्का लागत नाही. अट एवढीच की त्या जागेत एकूण बेरीज किंवा सर्वाधिक गुण यांची ओळ नसावी. बेरजेचा आकडा सरासरीत शिरला तर सगळंच वर जातं. अशा ओळी रकान्याच्या माथ्यावर, नियमाच्या बाहेर ठेवाव्यात.

दुसऱ्या शीटवरून गुण चिकटवताना नेहमीचं पेस्ट केलं तर त्यांच्याबरोबर तिकडचे नियमही येतात आणि आपला नियम तुकड्यातुकड्यांत मोडतो. `Paste Special` मधून फक्त `Values` चिकटवावेत. शंका आली तर `Conditional Formatting` मधलं `Manage Rules` उघडून `Applies to` समोर एकच सलग रांग आहे का ते पाहावं.

सरासरीइतकेच गुण मिळालेला मुलगा या नियमाने रंगत नाही. आपल्या रकान्यात नेमके २८ कोणालाच नाहीत, पण असते तर त्यालाही हिरव्यात घ्यायचं की नाही हे शिक्षकाने ठरवायचं. घ्यायचं असेल तर `>` च्या जागी `>=` लिहावं.

बाईंच्या शीटवर आम्ही सूत्र बदललं तेव्हा 'गैरहजर' पुन्हा पांढरा झाला. पुढच्या आठवड्यात तो मुलगा फेरपरीक्षेला बसला. बाईंनी त्याचे गुण त्या सेलमध्ये भरले आणि सरासरी त्याला धरून नव्याने निघाली. तुमच्या शीटवर आज असा एखादा नियम लावलेला असेल तर एका कोऱ्या सेलमध्ये मुद्दाम 'गैरहजर' लिहून पाहा. तो रंगला तर सूत्रात `ISNUMBER` घाला.